चारशे एमबीचा अपडेट आणि चाळीस मिनिटांची वाट

रात्री साडेआठला सांगलीत, कराडात किंवा साताऱ्यात कुठल्याही घरी जा, घरातलं नेट सगळ्यात जास्त ताणलेलं असतं ते त्याच वेळी. टीव्हीवर सामना, एका खोलीत कुणाचा ऑनलाइन क्लास, स्वयंपाकघरात मोबाइलवर मालिका. नेमकं तेव्हाच गेम खेळायला बसलेल्या मुलासमोर लाँचर सांगतो की अपडेट आला आहे, तो उतरल्याशिवाय गेम चालू होणार नाही. मग दोन प्रकारची भांडणं सुरू होतात. घरातले म्हणतात, याच्या गेममुळे आमचं सगळं अडकलं. मुलगा म्हणतो, अपडेट तर फक्त चारशे एमबीचा आहे, मग अर्धा तास झाला तरी संपत का नाही?

दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, पण त्यांची कारणं वेगळी आहेत आणि उपायही वेगळे. हा लेख मुख्यतः स्टीम या लाँचरला धरून लिहिला आहे, कारण मर्यादा आणि वेळापत्रक या दोन्ही सोयी त्यात नीट दिलेल्या आहेत. एपिक आणि इतर लाँचरबद्दल जिथे फरक पडतो तिथे सांगेन.

पॅच म्हणजे नेमकं काय उतरतं

गेम शंभर जीबीचा असला तरी प्रत्येक अपडेटला शंभर जीबी उतरत नाहीत, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण मग काय उतरतं? स्टीमच्या पद्धतीत गेमची प्रत्येक फाइल साधारण एक एक एमबीच्या तुकड्यांत विभागलेली असते. प्रत्येक तुकड्याला त्याच्या मजकुरावरून काढलेली एक ओळख असते, आणि कुठल्या फाइलमध्ये कुठले तुकडे कुठल्या क्रमाने बसतात याची एक यादी असते. नवी आवृत्ती आली की नवी यादी येते. स्टीम जुनी आणि नवी यादी शेजारी शेजारी ठेवून पाहतं, जे तुकडे तुमच्याकडे आधीच आहेत ते सोडतं आणि फक्त न जुळणारे मागवतं. तेही दाबून लहान केलेल्या स्वरूपात येतात.

म्हणजे अपडेटचा आकार गेममध्ये किती बदल झाला यावर ठरत नाही. तो बदल किती तुकड्यांना शिवला यावर ठरतो. निर्मात्यांनी एकाच जागी पन्नास एमबीचा नवा नकाशा घातला तर पन्नासेक तुकडे येतील. पण एका मोठ्या फाइलमध्ये तीन हजार ठिकाणी चार-चार बाइट बदलले, तर बदल बारा किलोबाइटचा आणि डाउनलोड तीन जीबीपर्यंत, कारण प्रत्येक ठिकाणचा एक पूर्ण तुकडा नव्याने आणावा लागतो. ‘काहीच नवीन दिसत नाही आणि तीन जीबी गेले’ असं वाटतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. दोष लाँचरचा नसतो, गेम बांधणाऱ्यांनी फाइली कशा रचल्या याचा असतो. स्टीम चालवणारी व्हॉल्व्ह कंपनी निर्मात्यांना स्पष्ट सांगते की बदल एका जागी ठेवा आणि एकेक फाइल फार मोठी करू नका. सगळे ऐकतात असं नाही.

चांगल्या रचनेचा नमुना पाहायचा तर काउंटर-स्ट्राइक २ चं फोल्डर उघडा. व्हॉल्व्हचाच गेम आहे. त्यात `pak01_000.vpk`, `pak01_001.vpk` अशा क्रमांकांच्या भरपूर फाइली दिसतील आणि त्यांची अनुक्रमणिका असलेली एक `pak01_dir.vpk`. गेमचा माल असा अनेक लहान फाइलींत वाटलेला असल्यामुळे अपडेट आला की त्यातल्या मोजक्याच फाइलींना हात लागतो.

डाउनलोड संपला, मग डिस्क का राबते

आता चारशे एमबीच्या अपडेटला चाळीस मिनिटं का लागतात ते पाहू. स्टीम जुन्या फाइलवर जागच्या जागी खाडाखोड करत नाही. `steamapps\downloading` या फोल्डरमध्ये ते नवी फाइल पहिल्यापासून बांधतं: जुन्या फाइलमधले न बदललेले तुकडे वाचायचे, नव्याने उतरलेले तुकडे त्यात मिसळायचे आणि पूर्ण फाइल लिहायची. सगळं जुळलं की मग नवी फाइल जुनीच्या जागी जाते. पद्धत सुरक्षित आहे, मध्येच लाइट गेली तरी जुना गेम सहसा शाबूत राहतो. पण त्याची किंमत डिस्क मोजते.

समजा एका गेमने आपला सगळा माल ६० जीबीच्या एकाच फाइलमध्ये कोंबला आहे. अपडेट ४०० एमबीचा. पाच एमबी प्रतिसेकंदाच्या लाइनवर तो दीड मिनिटाच्या आत उतरतो. त्यानंतर ६० जीबी वाचायचे आणि ६० जीबी लिहायचे, म्हणजे १२० जीबीची हालचाल. जुन्या डेस्कटॉपमधली फिरती हार्ड डिस्क एकाच वेळी वाचत आणि लिहीत असताना दोन्ही मिळून ५० एमबी प्रतिसेकंद देते असं धरा. २,४०० सेकंद झाले, म्हणजे बरोबर चाळीस मिनिटं. या वेळात नेट बंद करून ठेवलं तरी फारसं काही बिघडणार नाही, कारण नेटचं काम कधीच संपलेलं आहे.

हे ओळखायचं कसं? स्टीमच्या Downloads पानावर वर आलेख असतो. त्यात नेटचा वेग आणि डिस्कचा वापर वेगवेगळे दाखवलेले असतात. नेट शून्यावर आणि डिस्क जोरात, असं चित्र असेल तर बांधणी चालू आहे. शांत बसा. अशा वेळी अडकलंय असं समजून स्टीम बंद करणं, पुन्हा चालू करणं, संगणक रीस्टार्ट करणं हे सगळे उपाय वेळ वाढवतात. नेट आणि डिस्क दोन्ही शून्यावर बराच वेळ असतील तरच काहीतरी अडलं आहे. तेव्हा आधी डिस्कवरची मोकळी जागा पाहा.

कारण जागेचाही हिशेब इथेच चुकतो. वरच्या उदाहरणात अपडेट ४०० एमबीचा असला तरी नवी फाइल तयार होईपर्यंत जुनी पुसता येत नाही, म्हणून ६० जीबी मोकळी जागा तात्पुरती लागते. २५६ जीबीच्या एसएसडीवर विंडोज, कॉलेजची सॉफ्टवेअरं आणि दोन मोठे गेम कोंबणाऱ्यांना जागा नसल्याची सूचना याच कारणाने येते. सगळ्यात मोठा गेम ज्या डिस्कवर आहे, तिथे त्याच्याएवढी तरी जागा मोकळी ठेवा असा माझा सल्ला आहे. आणि खर्च एकाच गोष्टीवर करायचा असेल तर नेटचा प्लॅन वाढवण्याआधी गेमसाठी एसएसडी घ्या. चाळीस मिनिटांचं काम चार-पाच मिनिटांवर येतं. शंभर एमबीपीएसचा प्लॅन घेऊन ते चाळीसचं एकोणचाळीससुद्धा होणार नाही.

लिमिट लावायची ती संध्याकाळच्या वेगावरून

आता घरातल्यांच्या तक्रारीकडे. लाँचर एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून तुकडे ओढतो. त्याच्यापुढे क्लासचा व्हिडिओ कॉल म्हणजे एक-दोन जोडण्या. लाइन पूर्ण भरली की राउटरपाशी डेटाची रांग लागते आणि प्रत्येकाचा डेटा त्या रांगेत थांबतो. नेट बंद पडत नाही, सगळ्यांचं उशिरा पोचतं: कॉलमध्ये आवाज तुटतो, गेममध्ये पिंग उडते. म्हणून लाँचरला इतकीच मोकळीक द्यायची की रांगच लागू नये.

आधी एककाचा गोंधळ मिटवून घेऊ. प्लॅनवर लिहिलेलं एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, आणि लाँचर बहुधा मेगाबाइट दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट, तेव्हा ४० एमबीपीएसच्या लाइनवर ५ एमबी प्रतिसेकंद हा पूर्ण वेग झाला. ‘प्लॅन चाळीसचा आणि मिळतात पाच’ अशी तक्रार घेऊन केबलवाल्याकडे जाऊ नका, तो तुम्हाला पूर्ण देतो आहे. स्टीममध्ये Settings, मग Downloads इथे वेग बिटमध्ये दाखवण्याचं बटण आहे. ते चालू असेल तर लिमिटचा आकडाही किलोबिटमध्ये मागितला जातो, बंद असेल तर किलोबाइटमध्ये. हे न पाहता आकडा टाकला की लिमिट आठपट कमी किंवा आठपट जास्त बसते.

लिमिट किती ठेवायची हे एका घराच्या उदाहरणाने पाहू. कराडमधलं घर, प्लॅन ४० एमबीपीएसचा. रात्री नऊ वाजता, कुणी काही उतरवत नसताना, वेग मोजला तर २८ एमबीपीएस निघतो. कारण त्या वेळी गल्लीतलं प्रत्येक घर त्याच केबलवाल्याच्या सामायिक लाइनवर असतं. हिशेब या २८ वर करायचा, प्लॅनच्या ४० वर नाही. त्याचे पाऊण म्हणजे २१ एमबीपीएस, म्हणजे सुमारे २,६०० केबी प्रतिसेकंद. Downloads मध्ये Limit download speed चालू करून हा आकडा टाकायचा. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून हे चालवायचं:

```
ping -t 8.8.8.8
```

डाउनलोड थांबवलेला असताना समजा १५ ते २० मिलिसेकंद येतात. डाउनलोड सुरू करा आणि मिनिटभर पाहा. आकडा २५-३० च्या आसपास राहिला तर लिमिट बरोबर आहे. शंभरापलीकडे उड्या मारायला लागला तर लिमिट दोन-तीनशे केबीने कमी करा आणि पुन्हा पाहा. पिंग स्थिर राहील तो तुमच्या घराचा आकडा. तो कागदावर लिहून ठेवा. केबलवाला बदलेपर्यंत किंवा प्लॅन बदलेपर्यंत तोच चालेल.

या लिमिटने किती वेळ गमावला? १८ जीबीचा अपडेट २,६०० केबीच्या लिमिटवर साधारण एक तास पंचावन्न मिनिटांत उतरतो. तोच रात्री उशिरा पूर्ण ५ एमबीच्या वेगाने एका तासात. पंचावन्न मिनिटांचा फरक, आणि त्या बदल्यात घरातलं कुणी ओरडत नाही. मला हा सौदा नेहमीच परवडणारा वाटला आहे.

दोन गोष्टी इथे लोक विसरतात. एक, ही लिमिट फक्त त्या लाँचरची असते. स्टीमला २,६०० दिले आणि एपिक मोकळा सोडला की रांग पुन्हा लागणार. एपिकच्या Settings मध्येही वेगाला लगाम घालायची सोय आहे, तिथेही आकडा टाका, आणि दोन्हींची बेरीज घराच्या आकड्यापुढे जाऊ देऊ नका. बॅटलनेटमध्ये तर चालू अपडेटसाठी आणि पुढे येणाऱ्या पॅचच्या आगाऊ डाउनलोडसाठी दोन स्वतंत्र लिमिट आहेत. एक भरली आणि दुसरी शून्य ठेवली तर काम अर्धंच झालं. ज्या लाँचरमध्ये अशी सोय सापडत नाही त्यासाठी राउटरच्या सेटिंगमध्ये त्या एका संगणकाचा वेग बांधता येतो का ते पाहा, बऱ्याच राउटरमध्ये येतो. दुसरी गोष्ट, साताऱ्यातल्या जुन्या दगडी वाड्यांत मूळ अडचण लाइनची नसतेच, दोन भिंतींपलीकडे वायफायच पोचत नाही. तिथे मोजलेला वेग वायफायचा असतो. डेस्कटॉपला सरळ लॅन केबल ओढा, मग मोजा.

रात्रीचं वेळापत्रक

मोठं काही उतरवायचं तर रात्री, ही सवय आपल्याकडे नवी नाही. बीएसएनएलच्या डेटावनच्या काळात काही घरगुती प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ हा वापर मोजला जात नसे. तेव्हा डाउनलोड मॅनेजरला दोनची वेळ लावून झोपणारी पिढी आज चाळिशीत आहे आणि तिला हा भाग वेगळा शिकवायची गरज नाही. आता घरच्या फायबरवर मोजणीची चिंता फारशी उरलेली नाही. जिओफायबरची महिन्याची मर्यादा ३,३०० जीबी आहे, ती गेमच्या अपडेटने संपत नाही. एअरफायबरची मात्र १,००० जीबी आहे, आणि टीव्हीही त्याच्यावर चालत असेल तर अधूनमधून आकडा पाहावा. फायबरवर रात्र निवडायचं कारण आता मोजणी नाही, गर्दी आहे.

स्टीममध्ये Settings, Downloads इथेच Schedule auto-updates आहे. ते चालू करून सुरुवातीची आणि शेवटची वेळ द्या. माझ्या मते रात्री एक ते सकाळी सहा ही वेळ आपल्याकडे योग्य आहे. बारा वाजता अजून बरीच घरं जागी असतात. मग Downloads पानावर अपडेटपुढे तो केव्हा सुरू होणार ते दिसू लागतं.

वेळापत्रक न लावताही काही अपडेट असे पुढच्या वेळेवर टाकलेले दिसतील. त्याचं कारण २०२० च्या मार्चमधलं आहे. टाळेबंदीत जगभर नेटवर ताण आला तेव्हा व्हॉल्व्हने ठरवलं की गेल्या तीन दिवसांत जो गेम खेळला गेला आहे त्याचाच अपडेट लगेच द्यायचा, बाकीचे त्या त्या ठिकाणच्या कमी गर्दीच्या वेळेला ढकलायचे. त्यामुळे तुम्ही महिनाभर न उघडलेला गेम मागे पडलेला दिसला तर तो बिघाड नव्हे. त्याचा अपडेट आजच हवा असेल तर Downloads मध्ये जाऊन हाताने सुरू करा.

हे वेळापत्रक आपोआप येणाऱ्या अपडेटपुरतं असतं. नवा गेम टाकायला घेतला तर तो तत्काळ उतरू लागतो, रात्रीची वाट पाहत नाही. ऐंशी जीबीचा नवा गेम संध्याकाळी सात वाजता सुरू करून ‘वेळ तर एकची लावली होती’ म्हणण्यात अर्थ नाही. तो थांबवा आणि झोपताना हाताने चालू करा.

सकाळी उठून पाहावं तर काहीच उतरलेलं नाही, असं होण्याची तीन कारणं मी सगळ्यात जास्त पाहिली आहेत. पहिलं, संगणक झोपी गेला. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये स्क्रीन बंद होऊ द्या, पण स्लीप ‘कधीच नाही’ वर ठेवा. लॅपटॉप असेल तर झाकण मिटल्यावर काहीही न करण्याचा पर्याय निवडा. दुसरं, स्टीमच चालू नव्हतं, खिडकी बंद करण्याऐवजी कुणीतरी Exit केलं होतं. तिसरं कारण लोकांच्या लक्षातच येत नाही: एखादा गेम मेनूवर उघडाच राहिला होता. Allow downloads during gameplay हे बटण बंद असेल तर गेम चालू असताना स्टीम इतर डाउनलोड थांबवतं, मग तो गेम रात्रभर कुणी खेळत नसला तरी. हे बटण बंदच असावं, पण झोपण्याआधी गेम बंद करा.

बुधवारी पहाटे स्टीमची जोडणी थोडा वेळ तुटलेली दिसली तर घाबरू नका. अमेरिकेत तेव्हा मंगळवारची दुपार असते आणि त्या वेळी त्यांची नेहमीची देखभाल होते. काही वेळाने ते आपोआप जोडलं जातं.

रात्रभर संगणक चालू ठेवणं नको वाटत असेल तर झोपताना कमांड प्रॉम्प्टमध्ये हे द्या:

```
shutdown /s /t 14400
```

हे सेकंद आहेत, १४,४०० म्हणजे चार तासांनी संगणक बंद होईल. विचार बदलला तर `shutdown /a` ने रद्द करा. वेळ ठरवताना डाउनलोडच्या वेळेत डिस्कच्या बांधणीचा वेळ मिळवायला विसरू नका. हार्ड डिस्कवर एक तास जास्तीचा धरा.

लाइटचा प्रश्न उरतो. जावळी, पाटण, महाबळेश्वर या तालुक्यांत पावसाळ्यात रात्री लाइट जाणं नवं नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो पण राउटर बंद पडतो, आणि फायबरच्या घरांत बहुधा दोन डबे असतात, केबलवाल्याचा एक आणि वायफायचा एक. राउटरसाठी मिळणारा लहान यूपीएस घेताना दोन्ही डबे त्यावर चालतील असा घ्या. एकाला वीज आणि दुसरा बंद, तर उपयोग शून्य. डाउनलोड मध्येच तुटला तरी उतरलेले तुकडे वाया जात नाहीत, लाइट आल्यावर तो पुढे सुरू होतो. डेस्कटॉप मात्र बांधणी चालू असताना धाडकन बंद झाला आणि नंतर गेम मध्येच बंद पडू लागला, तर गेमच्या Properties मध्ये Installed Files इथे जाऊन Verify integrity of game files करा. सगळा गेम पुन्हा उतरत नाही. फाइली तपासल्या जातात आणि खराब झालेला भागच मागवला जातो.

हॉटस्पॉटवर असाल तर

जत, आटपाडी, खटाव, माण इकडच्या अनेक गावांत अजून मोबाइलचा हॉटस्पॉट हेच नेट आहे. तिथे प्रश्न वेगाचा नाही, दिवसाच्या दीड-दोन जीबीचा आहे. तो संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि मग मेसेजही नीट जात नाही. लाँचरला तुमचा दिवसाचा कोटा कळत नाही. विंडोजमध्ये त्या जोडणीला Metered connection ठरवता येतं, त्याने विंडोजचे स्वतःचे अपडेट आवरले जातात, ते जरूर करा. पण लाँचर ते पाळेल यावर भिस्त ठेवू नका.

इथे लिमिट आणि घड्याळ एकत्र वापरावं लागतं. समजा रात्री साडेदहाला दिवसाचे १.२ जीबी शिल्लक आहेत आणि ते बारा वाजता वाया जाणार आहेत. नव्वद मिनिटं म्हणजे ५,४०० सेकंद. १.२ जीबीला ५,४०० ने भागलं की २२० केबी प्रतिसेकंद येतात. लिमिट २२० ठेवून साडेदहाला सुरू करा, बारा वाजता थांबवा. उरलेला कोटा पूर्ण वापरला गेला आणि उद्याच्याला हात लागला नाही. नऊ जीबीचा अपडेट असा आठवडाभरात, तुकड्या-तुकड्याने येतो. व्होडाफोन आयडियाच्या काही प्रीपेड प्लॅनमध्ये रात्री बारा ते सकाळी सहा डेटा मोजला जात नाही. तो प्लॅन असेल तर हे सगळं गणित सोडा आणि वेळापत्रक बारा ते सहाचं लावा.

हॉटस्पॉटवर प्रत्येक गेमचा आपोआप अपडेट बंद ठेवणं हे मात्र सक्तीचं समजा. गेमच्या Properties मध्ये Updates इथे, गेम सुरू करताना अपडेट करण्याचा पर्याय असतो, तो निवडा. नाहीतर सहा महिने न उघडलेला गेम सकाळी कॉलेजला जाण्याआधीच तुमचा दिवस संपवून टाकतो.

आणि सगळ्यात स्वस्त मार्ग नेटवरून जातच नाही. सांगलीच्या वालचंद कॉलेजच्या किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकीच्या वसतिगृहात एकाच मजल्यावर पाचजण तोच गेम खेळत असतील तर तो पाच वेळा उतरवायचं कारण नाही. २०२३ पासून स्टीममध्ये एकाच वायफायवरच्या दोन संगणकांत गेमच्या फाइली सरळ देता-घेता येतात. Downloads मध्ये Game file transfer over local network इथे मित्रांना परवानगी द्या. दोघंही स्टीमवर एकमेकांच्या यादीत हवेत आणि दोघांचंही स्टीम चालू हवं. तुकडे मित्राकडून येतात, त्याच्याकडे नसतील तेवढेच नेटवरून.

गावी नेट नसेल तर पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क चालते. मित्राच्या `steamapps\common` मधलं गेमचं पूर्ण फोल्डर घ्या, आपल्या `steamapps\common` मध्ये त्याच नावाने ठेवा आणि मग स्टीममध्ये त्या गेमचं Install दाबा. स्टीम आधी असलेल्या फाइली तपासतं आणि फरकाचे तुकडेच मागवतं. गेम अर्थातच तुमच्या खात्यावर असायला हवा. काउंटर-स्ट्राइक २ च्या बाबतीत एक लक्षात ठेवा, त्याचं फोल्डर अजूनही `Counter-Strike Global Offensive` याच जुन्या नावाने आहे. ‘Counter-Strike 2’ नावाचं फोल्डर शोधत बसाल तर सापडणार नाही, आणि त्या नावाने स्वतः केलंत तर स्टीम त्याकडे बघणारही नाही, सगळा गेम पहिल्यापासून उतरवायला घेईल.